मायस्थेनिया ग्रेव्हिस: श्वास आणि गिळणं कसं बघायचं, क्रायसिस कधी समजायचा (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

मी नागपुरात न्यूरोच्या वॉर्डात स्टाफ नर्स आहे. नवीन ड्युटीला आलेल्या सिस्टर आणि पेशंटचे घरचे लोक, दोघंही मला जवळपास तेच प्रश्न विचारतात म्हणून इथे एकत्र लिहून काढले. औषधाचे डोस ठरवणं डॉक्टरांचं काम आहे, त्यात मी शिरत नाही. मी लिहितेय ते बेडजवळ उभं राहून काय बघायचं त्याबद्दल.

हा आजार नेमका काय आहे, थोडक्यात सांगा ना?

नस स्नायूला हुकूम देते तो अॅसिटिलकोलीन नावाच्या रसायनातून. स्नायूवर ते रसायन पकडणारे रिसेप्टर असतात, आणि या आजारात शरीराच्याच अँटिबॉडी त्या रिसेप्टरवर हल्ला करतात. त्यामुळे पहिल्या चार-दोन वेळा स्नायू बरोबर काम करतो, मग करता करता थकतो, आराम दिला की परत थोडा सावरतो. सकाळी बरं आणि संध्याकाळी वाईट ही गोष्ट म्हणूनच इतकी ऐकू येते. बहुतेकांना सुरुवात डोळ्यांपासून होते, पापणी पडते, एकाचे दोन दिसतात. पण आपल्याला ज्याची भीती आहे ते स्नायू वेगळे: चावायचे, गिळायचे, मानेचे आणि श्वासाचे.

क्रायसिस म्हणजे काय?

श्वासाचे स्नायू किंवा घशाचे स्नायू इतके थकले की पेशंटला बायपॅप, म्हणजे मास्कमधून हवा आत ढकलणारं मशीन, किंवा व्हेंटिलेटर लागतो, त्याला मायस्थेनिक क्रायसिस म्हणतात. साधारण पंधरा ते वीस टक्के पेशंटला आयुष्यात कधीतरी हे होतं आणि बऱ्याचदा आजार कळल्यापासून पहिल्या दोन-तीन वर्षांत. फुफ्फुस चांगलंच असतं, त्यात हवा ओढणारा भाता दमलेला असतो. हा फरक डोक्यात पक्का ठेवा कारण पुढचं सगळं यावरच आहे.

सॅच्युरेशन ९८ आहे, मग तुम्ही इतक्या का घाबरून राहिल्या?

हा प्रश्न मला नातेवाईकांनी विचारला आहे, ज्युनियर डॉक्टरांनीही विचारला आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

बोटाला लावलेलं मशीन रक्तात ऑक्सिजन किती ते सांगतं, स्नायूत दम किती उरला ते सांगत नाही. फुफ्फुस चांगलं असल्यामुळे अर्धवट श्वासातही ऑक्सिजन बराच वेळ ठीक राहतो. पेशंट छोटे छोटे आणि घाईघाईने श्वास घेऊन भरपाई करत असतो. सॅच्युरेशन पडायला लागतं तेव्हा भरपाई संपलेली असते आणि मग आपल्या हातात तासभर नाही, काही मिनिटं असतात. त्यात कोणी आधीच ऑक्सिजनचा मास्क लावून ठेवला असेल तर आकडा आणखीच छान दिसतो आणि आत कार्बन डायऑक्साइड वाढत जातो. ऑक्सिजन लावू नका असं मी म्हणत नाही, लागला तर लावायचाच, पण लावल्यावर त्या आकड्यावर विसंबायचं नाही.

एबीजी, म्हणजे धमनीतल्या रक्ताच्या तपासणीच्या रिपोर्टचंही तसंच. जोरजोरात श्वास घेणाऱ्या माणसाचा कार्बन डायऑक्साइड कमी यायला पाहिजे. मिनिटाला ३० श्वास आणि रिपोर्ट अगदी नॉर्मल, तर तो रिपोर्ट चांगला नाही, पेशंट थकायला लागलाय असा त्याचा अर्थ आहे.

मग बघायचं तरी काय?

पहिलं म्हणजे बोलणं. पेशंटला जेवण कसं झालं विचारा आणि ऐका. पूर्ण वाक्य एका दमात येतं की दोन-तीन शब्दांनी थांबावं लागतं, आवाज नाकातून येतो का, बोलता बोलता बारीक होत जातो का. पाच मिनिटं गप्पा मारल्या तरी कळतं.

दुसरं, मान. उशीवरून डोकं उचलायला सांगा आणि किती सेकंद धरता येतं ते घड्याळात बघा. मान वाकवणाऱ्या स्नायूंना आणि डायफ्रामला, म्हणजे छाती आणि पोटामधल्या श्वासाच्या पडद्याला, जाणाऱ्या नसा मणक्याच्या जवळजवळ त्याच भागातून निघतात, म्हणून मान ढिली पडली की श्वासाकडे लगेच वळायचं. बसलेला पेशंट हनुवटीखाली हात देऊन डोकं सावरून धरत असेल तर ते झोपेचं लक्षण समजू नका.

तिसरं, पोट. चादर बाजूला करून बघायचं, चादरीवरून काही समजत नाही. श्वास आत घेताना पोट वर यायला पाहिजे. आत घेताना पोट खाली जात असेल आणि छाती वर येत असेल तर डायफ्राम काम सोडून राहिला. आडवं झाल्यावर त्रास वाढतो, पेशंट उठून बसायला मागतो, रात्री दोन उशा, तीन उशा मागतो, हेही त्याच खात्यात.

चौथं, खोकला. मोठ्याने खोकायला सांगा. नुसताच हवेचा फुसका आवाज आला तर समजा घशातली लाळ बाहेर काढायची ताकद नाही.

चेहऱ्याबद्दल एक सांगते. दम्याचा पेशंट दमला की चेहऱ्यावर दिसतं, नाकपुड्या फुगतात, डोळे मोठे होतात. मायस्थेनियात चेहऱ्याचेच स्नायू ढिले असतात त्यामुळे माणूस आतून बुडत असतो आणि चेहरा शांत दिसतो. अशा वेळी घाम, वाढलेली नाडी, चुळबुळ, सारखं सिस्टर सिस्टर करणं, हे वाचायचं. या पेशंटला घाबरला आहे म्हणून झोपेचं इंजेक्शन देऊ नका. त्या एका इंजेक्शनने श्वास थांबू शकतो.

एका श्वासात आकडे मोजायची टेस्ट कशी करतात?

मला ही सगळ्यात आवडते कारण मशीन लागत नाही आणि घरीही करता येते. पेशंटला सरळ बसवायचं, छाती भरून श्वास घ्यायला लावायचा आणि मग त्याच एका श्वासात मोठ्याने मोजायला सांगायचं, एक दोन तीन चार, सेकंदाला साधारण दोन आकडे या वेगाने. मध्ये श्वास घेतला की थांबायचं आणि तो आकडा लिहायचा.

धडधाकट माणूस पन्नासच्या आसपास जातो. २० च्या खाली आलं तर डॉक्टरांना कळवायचंच, १५ च्या खाली म्हणजे आयसीयूची तयारी. पण एकट्या आकड्यापेक्षा तो कुठून कुठे आला हे जास्त बोलतं. काल ४० होता आणि आज २६ आहे तर २६ सुद्धा वाईट आहे.

यात गडबड कुठे होते तर वेग. आमचे बरेच पेशंट घाईने मोजतात आणि आकडा उगाच मोठा येतो. पेशंट आधी इंग्रजीत वन टू थ्री म्हणाला आणि नंतर मराठीत मोजलं तरी फरक पडतो, आपले एकोणीस, एकोणतीस लांब आहेत. म्हणून दरवेळी तीच भाषा, तोच वेग, तीच बसायची पद्धत, आणि आकड्याच्या बाजूला शेवटची गोळी किती वाजता घेतली ते लिहायचं. गोळी घेतल्यावर तासाभराने केलेली टेस्ट आणि गोळी उतरल्यावर केलेली टेस्ट यांची तुलना करून काही हाती लागत नाही.

व्हायटल कपॅसिटी किती आली की धोका?

बेडजवळच्या स्पायरोमीटरमध्ये पूर्ण श्वास घेऊन पूर्ण सोडायचा, ते माप. नियम सोपा आहे, वजनाच्या एका किलोला २० मिली. ५० किलोच्या माणसाला १ लिटरच्या खाली आलं की व्हेंटिलेटरचा विचार सुरू होतो. आधीच्या मापापेक्षा ३० टक्के पडलं तरीही तेच. तोंडाचे स्नायू ढिले असले की ओठांच्या कडेने हवा गळते आणि माप खोटं कमी येतं, तेव्हा ओठ बोटांनी धरून किंवा मास्क लावून परत करा. तीनदा करून सगळ्यात चांगलं माप लिहायचं, मधे आराम देऊन, नाहीतर आपणच त्याला थकवून ठेवतो. जमलं तर एकदा बसवून आणि एकदा आडवं करून घ्या, आडवं केल्यावर जास्त पडलं तर डायफ्राम कमजोर.

किती वेळाने बघायचं?

स्थिर पेशंटला आम्ही ४ तासांनी बघतो. गिळायचा किंवा आवाजाचा त्रास सुरू झाला की २ तासांनी, आकडे पडत असतील तर दर तासाला, आणि अशा पेशंटला नर्सिंग स्टेशनसमोरच्या बेडवर घ्यायचं. लाळ ओढायचं सक्शन मशीन चालू करून बघायचं, नुसतं भिंतीवर लटकलेलं बघून समाधान मानायचं नाही.

एखादं उदाहरण सांगा, खरंच कसं होतं ते.

ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत. मे महिना, बाहेर पारा पंचेचाळीसला. पस्तिशीतल्या एक ताई, वजन ५० किलो, मायस्थेनिया कळून वर्ष झालेलं. तीन दिवस ताप आणि खोकला, घराजवळच्या एका दवाखान्यात आजार न सांगता औषध घेतलं, त्यात अॅझिथ्रोमायसिन होतं. चौथ्या दिवशी पापण्या जास्त पडायला लागल्या आणि पाणी नाकातून यायला लागलं म्हणून आमच्याकडे आल्या.

दुपारी ४ वाजता: एका श्वासात २८ आकडे, व्हायटल कपॅसिटी १.५ लिटर, श्वास मिनिटाला २०, सॅच्युरेशन ९८. बोलणं नाकातून पण वाक्य पूर्ण. तोंडातून सगळं बंद केलं, नाकातून पोटात जाणारी रायल्स ट्यूब टाकली, दर २ तासांनी बघायचं ठरलं.

६ वाजता: २३ आकडे, १.३ लिटर, सॅच्युरेशन ९८. डोकं उशीवरून पंधरा सेकंद धरलं.

८ वाजता: १७ आकडे, १.० लिटर, श्वास २६, सॅच्युरेशन ९७. डोकं पाच सेकंदात पडलं. तोंडात लाळ साठून राहिली होती आणि त्या ती टॉवेलने पुसत होत्या. त्यांचा भाऊ म्हणाला, "सिस्टर, आता जरा शांत झाली हो, मघापासून बोलून नाही राहिली." ती शांतता नव्हती, बोलायला दम नव्हता. त्याच वेळी डॉक्टरांना बोलावलं, ऑन कॉल अॅनेस्थेशियालाही.

८.४० ला एबीजीत कार्बन डायऑक्साइड ४४ आला. सुटा आकडा बघितला तर नॉर्मल. पण २८ श्वास घेणाऱ्या बाईचा तो ३० च्या घरात असायला पाहिजे होता. ९ वाजता १२ आकडे, ०.८५ लिटर. लाळ इतकी होती की बायपॅपवर ठेवणं धोक्याचं होतं, म्हणून आयसीयूत नेऊन श्वासनलिकेत ट्यूब टाकली, ऐनवेळच्या घाईने नाही, ठरवून, सगळी तयारी करून. त्या क्षणापर्यंत सॅच्युरेशन ९५ च्या खाली एकदाही आलं नव्हतं.

पुढे आयव्हीआयजी, म्हणजे शिरेतून द्यायचं अँटिबॉडीचं औषध, दिलं, एकूण किलोला २ ग्रॅम, पाच दिवसांत वाटून. त्याचा असर दिसायला काही दिवस लागतात, मशीनने रक्तातला प्लाझ्मा बदलतात त्या प्लाझ्मा एक्सचेंजलाही तसंच, म्हणूनच त्या मधल्या दिवसांत श्वास सांभाळणं हे सगळ्यात मोठं काम असतं.

त्या दवाखान्यातल्या औषधानेच क्रायसिस झाला का?

फक्त त्यानेच असं नाही म्हणता येत, छातीचं इन्फेक्शन हे स्वतःच क्रायसिसचं सगळ्यात कॉमन कारण आहे. पण दोन्ही मिळाले. अॅझिथ्रोमायसिन, सिप्रोफ्लॉक्सासिन आणि त्याच्या जातीतली, जेंटामायसिन आणि अमिकासिन, शिरेतून मॅग्नेशियम, ब्लड प्रेशरचे बीटा ब्लॉकर, मलेरियात क्वीनीन आणि क्लोरोक्वीन, या सगळ्यांनी कमजोरी वाढू शकते. विदर्भात मलेरियाच्या गोळ्या काही परक्या नाहीत, म्हणून हे मुद्दाम लिहिते. तापासाठी पॅरासिटामॉल चालतं. कोणत्याही दवाखान्यात गेलं की तोंडातून पहिला शब्द मायस्थेनिया हाच निघाला पाहिजे, आणि फाइलवर लाल पेनाने लिहून ठेवा.

स्टेरॉइड नव्याने मोठ्या डोसने सुरू केल्यावर पहिल्या एक-दोन आठवड्यांत आधी कमजोरी वाढू शकते, तेव्हाही आकडे जवळून बघायचे. आणि उन्हाळा: गरमीने आणि तापाने हा आजार बिघडतोच, नागपूरच्या मे महिन्यात दुपारी बारा ते चार बाहेर पडू नका, कूलर बंद पडला तर ओल्या कापडाने अंग पुसा.

गिळणं कसं तपासायचं? पाण्याचा घोट तर बरोबर गेला.

इथे फसगत होते. हा थकण्याचा आजार आहे, पहिला घोट बरोबर जाणारच. दहावा कसा जातो ते बघायचं.

पेशंट पूर्ण जागा पाहिजे, सरळ ९० अंशात बसलेला पाहिजे, आणि आधी खोकून दाखवता आलं पाहिजे, नाहीतर पाणी द्यायचंच नाही. मग एक चमचा पाणी, कंठाच्या घाटीवर हलकं बोट ठेवून गिळताना ती वर सरकते का ते बघा, आणि गिळल्यावर मोठ्याने आऽ म्हणायला सांगा. आवाज ओला, गुळगुळल्यासारखा आला तर पाणी घशात अडकून आहे, तिथेच थांबा. तीन चमचे नीट गेले तरच अर्धा ग्लास, आणि त्यानंतर परत आऽ. ठसका नाही आला म्हणजे सगळं ठीक असं धरू नका, कमजोर घशात पाणी श्वासनलिकेत जाऊनही ठसका येत नाही, मग ओला आवाज आणि दुसऱ्या दिवशीचा ताप हाच पुरावा उरतो.

आणि ही टेस्ट पास झाली तरी जेवण संपेपर्यंत एक तरी सिस्टर जवळ बसली पाहिजे. जेवणाचा दुसरा अर्धा भाग बघायचा. जबडा हाताने वर ढकलून राहिला, घास गालात साठून राहिला, एकाच घासाला दोन-तीनदा गिळून राहिला, वीस मिनिटांत अर्धंही ताट संपलं नाही, तर ताट बाजूला घ्या.

जेवायला काय द्यायचं?

मऊ आणि एकजीव. घट्ट वरण-भात मिसळून, मऊ खिचडी, लापशी, दही-भात. पातळ पाणी सगळ्यात अवघड, कोरडं दुसऱ्या नंबरवर, आणि दोन्ही एकत्र असलं तर आणखी वाईट. तर्री पोहे म्हणूनच बंद, पातळ तर्री आधी घशात धावते आणि कोरडे पोहे तोंडातच राहतात. संत्र्याचंही तेच. भेटायला येणारे सगळे संत्री घेऊन येतात, पण फोड चावताना रस एकदम सुटतो आणि साल तोंडात उरते, घसा कमजोर असेल तर एकही फोड देऊ नका, कितीही आग्रह झाला तरी.

पायरिडोस्टिगमिनची गोळी जेवणाच्या ३० ते ४५ मिनिटं आधी द्यायची म्हणजे जेवताना घशात ताकद असते. ताट गोळीच्या वेळेप्रमाणे आलं पाहिजे. ही गोळी ३-४ तासच टिकते, राउंड लांबला म्हणून तासभर उशीर झाला तर पेशंटला तो तासभर जाणवतो. गोळीच गिळता येत नसेल तर ते डॉक्टरांना लगेच सांगायचं लक्षण आहे. साधी गोळी कुटून रायल्स ट्यूबमधून देता येते, हळूहळू विरघळणारी १८० ची गोळी मात्र कुटायची नाही.

कमजोरी वाढली तर घरी एक गोळी जास्त दिली तर चालेल?

स्वतःच्या मनाने नाही. गोळी फार जास्त झाली तरी कमजोरी वाढते, त्याला कोलिनर्जिक क्रायसिस म्हणतात. त्यात लाळ आणि घाम फार, पोटात मुरडा, जुलाब, डोळ्याची बाहुली बारीक, स्नायू फडफडतात. आता हे कमी दिसतं, पण दोन्हींत श्वासच जातो, त्यामुळे फरक ओळखत घरी बसू नका.

घरी असताना कोणत्या गोष्टीवर १०८ लावायचा?

आडवं झोपवत नाही, वाक्य पूर्ण होत नाही, स्वतःची लाळ गिळता येत नाही, पाणी नाकातून येतं, डोकं धरवत नाही, आकडे २० च्या खाली आले. यातलं एकही असेल तरी सकाळची वाट बघायची नाही. गाडी येईपर्यंत सरळ बसवून ठेवा, लाळ बाहेर येऊ द्या, तोंडात काहीही घालू नका, चहाचा घोटही नाही. जिथे आयसीयू आणि व्हेंटिलेटर आहे तिथेच न्या, आधी फोन करून बेड विचारा. आमच्या भागात लोक आधी मेडिकल की मेयो, कोणत्या सरकारी हॉस्पिटलात न्यायचं, यावर वाद घालतात, त्यापेक्षा जिथे व्हेंटिलेटरचा बेड मोकळा आहे आणि रस्ता कमी आहे तिकडे निघा.

डॉक्टरांना फोनवर काय सांगायचं? रात्री तीनला ते म्हणतात सॅच्युरेशन ठीक आहे ना, मग सकाळी बघू.

"पेशंटला बरं वाटत नाही" असं नाही सांगायचं. असं सांगा: "सर, बेड सातची मायस्थेनियाची पेशंट, ५० किलो. ८ वाजता एका श्वासात २८ होते, आता १६ आहेत. व्हायटल कपॅसिटी १.५ वरून १.० वर आली. श्वास २६, आत घेताना पोट खाली जातंय, लाळ गिळत नाही. सॅच्युरेशन ९७ आहे पण ते उशिरा पडतं. तुम्ही आत्ता येऊन बघा, मी एबीजी पाठवतेय आणि आयसीयूला कळवतेय." ते आले नाहीत तर वरच्या डॉक्टरांना फोन करा आणि दोन्ही फोनची वेळ नोट्समध्ये लिहा.

श्वासाची ट्यूब निघाली, आता आईला खायला देऊ का?

लगेच नाही, मावशी कितीही म्हणाल्या तरी. ट्यूब निघायलाच बऱ्याच पेशंटला एक-दोन आठवडे लागतात आणि तेव्हा घसा ट्यूबनेही दुखावलेला असतो. रायल्स ट्यूब तशीच ठेवून आधी आकडे, खोकला आणि आवाज बघतात, मग स्पीच थेरपिस्ट तपासतात, मग गोळीच्या वेळेला दोन-चार चमचे घट्ट वरण. ट्यूब निघाल्यावर पहिले दोन-तीन दिवस श्वास परत थकू शकतो, म्हणून त्या दिवसांत आम्ही परत दर तासाला मोजायला बसवतो, पेशंट कंटाळला तरी.